डॉक्सीसायक्लीन चालू असताना हात भाजल्यासारखा झालाय, तोही गाडीच्या बंद काचेआड

सायली_क | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. मुरमांसाठी त्वचेच्या डॉक्टरांनी मला डॉक्सीसायक्लीन दिली आहे. पहिले तीन आठवडे १०० मिलिग्रॅमची एक गोळी रोज होती, तेव्हा काहीच त्रास झाला नाही. गेल्या आठवड्यापासून सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन झाल्या.

शनिवारी मी सकाळी सातला गाडी घेऊन निघाले आणि अकराच्या सुमारास पोचले. काचा पूर्ण बंद, एसी चालू. ऊन माझ्या खिडकीच्या बाजूने येत होतं, पण डोळ्यांवर येत नव्हतं म्हणून मी लक्ष दिलं नाही. दुपारी हात धुताना खिडकीकडच्या हाताची पाठ चुरचुरली. नळाचं साधं पाणीसुद्धा गरम लागत होतं. रविवारी उठले तेव्हा हात सुजलेला, तांबूस-जांभळट, कातडी ताणल्यासारखी. बाही जिथे संपते तिथे पट्टीने आखावी तशी रेघ आहे. घड्याळाच्या पट्ट्याखाली आणि अंगठीखाली मात्र कातडी नेहमीसारखी. त्याच बाजूचा गालही दुखतोय, पण कमी. दुसऱ्या हाताला काही म्हणजे काही झालेलं नाही.

हे औषधामुळे असेल का? काच बंद असताना ऊन कसं लागेल? आणि ही ॲलर्जी असेल तर गोळी आत्ताच बंद करू का? डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली आहे.

शुभदाकाकू | सोमवार, रात्री १०.०५

अगं सायली, हे उष्णतेचं आहे बाळा. इतका वेळ एका जागी बसून घाम मुरला की अशा पुळ्या येतात. माझ्या मुलाला दरवर्षी घामोळं येतं ते असंच लालसर असतं. सुती, सैल कपडे घाल, हातावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेव आणि खाजवू नकोस. दोन दिवसांत बसेल.

सायली_क | सोमवार, रात्री १०.१२

काकू, गार पट्टीने खरंच बरं वाटतंय. पण घाम आलाच नव्हता हो, एसी होता. पुळ्याही नाहीत, आख्खा भाग एकसारखा सुजलाय. आणि खाज नाही, आग होतेय.

भटक्या_८० | सोमवार, रात्री १०.३०

डॉक्सीच आहे, शंभर टक्के. मला पूर्वी डोंगरात फिरताना झालं होतं, नाक सोलून निघालं होतं. उपाय सोपा आहे. एसपीएफ ५० चं सनस्क्रीन लावा, सकाळी १० ते दुपारी ४ बाहेर पडू नका आणि गोळी रात्री झोपताना घ्या, म्हणजे दिवसा ती अंगात नसते. मी एवढंच केलं आणि पुन्हा कधी त्रास झाला नाही. काचेचं मात्र समजलं नाही. काचेतून ऊन लागत नाही असंच ऐकत आलोय. उतरल्यावर बाहेर थांबला होतात का?

सायली_क | सोमवार, रात्री १०.३६

नाही दादा, गाडीतून उतरून थेट घरात गेले. आणि बाहेर लागलं असतं तर दोन्ही हातांना लागलं असतं ना?

औषधांचा_माणूस | सोमवार, रात्री ११.२०

मी फार्मासिस्ट आहे, वीस वर्षं हेच काम करतोय. सायलीताई, तुम्ही जे लिहिलंत त्यातच बरीचशी उत्तरं आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उन्हात जे अतिनील किरण असतात त्यांतले दोन प्रकार इथे कामाचे आहेत, यूव्हीबी आणि यूव्हीए. नेहमीचं ऊन लागणं, म्हणजे लाल होणं आणि सालं निघणं, हे मुख्यतः यूव्हीबीमुळे होतं. साधी काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते, म्हणूनच 'काचेतून ऊन लागत नाही' हा समज रुळला आणि एरवी तो बरोबरही आहे. पण डॉक्सीसायक्लीनचं वाकडं आहे ते यूव्हीएशी. कातडीत पोचलेला औषधाचा रेणू यूव्हीए शोषून घेतो आणि ती ऊर्जा आजूबाजूच्या ऑक्सिजनला देतो. त्यातून तयार होणारे तिखट कण पेशींना इजा करतात. यूव्हीए काचेतून बऱ्यापैकी आत येतं. गाडीची पुढची काच दोन थरांची असते आणि मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, ती बहुतेक यूव्हीए अडवते. बाजूच्या खिडक्यांची काच साधारण एकेरी असते आणि ती किती अडवेल हे गाडीगाडीवर अवलंबून आहे. तुमचा खिडकीकडचा हात आणि गाल भाजला, दुसरा हात वाचला, त्याचं कारण हेच.

आता वेळेचं. १० ते ४ हा नियम यूव्हीबी डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे, कारण ते सकाळ-संध्याकाळ खूपच कमी होतं. यूव्हीए त्यामानाने दिवसभर पसरलेलं असतं. कोवळं ऊन म्हणून आपण जे अंगावर घेतो त्यातही ते पुरेसं असतं, आणि ढगांतूनही येतं. तुम्ही सात ते अकरा चार तास एकाच बाजूने ऊन घेतलंत.

आणि डोस. हा त्रास औषधाच्या मात्रेवर अवलंबून असतो. १०० वर काही झालं नाही आणि २०० वर झालं, हे अगदी नेहमीचं चित्र आहे.

गोळी स्वतःहून बंद करू नका, पण गुरुवारपर्यंत थांबूही नका. उद्या सकाळी दवाखान्यात फोन करून हे सगळं सांगा आणि पुढची गोळी घ्यायची का, किती घ्यायची, ते विचारा. तोवर तो हात उन्हात अजिबात नको, खिडकीतल्यासुद्धा.

भटक्या_८० | सोमवार, रात्री ११.४१

माहिती पटली. पण रात्री गोळी घेतली की दिवसा औषध नसतं, हे तरी बरोबर आहे ना?

औषधांचा_माणूस | मंगळवार, सकाळी ७.१५

नाही दादा, आणि यात एक धोकाही आहे म्हणून स्पष्ट लिहितो. डॉक्सीसायक्लीन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण १६ ते २२ तास घेते. रात्री दहाला गोळी घेतली तर दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला निम्म्याहून जास्त औषध अंगात असतंच. रोज घेताना कालचं उरलेलंही त्यात मिसळत जातं. संध्याकाळी घेतल्याने औषधाची सर्वांत वरची पातळी उन्हाच्या वेळेत येत नाही, तेवढा थोडा फायदा होईल. त्याच्या भरवशावर उन्हात जाऊ नये.

धोका म्हणजे 'झोपताना' हा शब्द. ही गोळी किंवा कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवं झालं तर ती अन्ननलिकेत अडकते आणि तिथेच विरघळून जखम करते. दुसऱ्या दिवशी गिळताना छातीच्या मधोमध कळ येते आणि माणूस हृदयाचा त्रास समजून घाबरतो. असे लोक माझ्यासमोर येऊन गेलेत. पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभं राहून घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

भटक्या_८० | मंगळवार, सकाळी ७.५०

मी वर्षभर लोकांना झोपताना घ्या असं सांगत आलो. आजपासून बंद. धन्यवाद.

मीनल_र | मंगळवार, सकाळी ९.१०

आमच्या ह्यांनाही सेम झालंय. लघवीच्या संसर्गासाठी सल्फाची गोळी चालू आहे, आज दहावा दिवस. कालपासून पोटावर आणि पाठीवर लाल चट्टे आलेत, ओठांची आग होतेय, डोळे लाल झालेत आणि अंगात कणकण आहे. हेही उन्हाचंच असेल तर सनस्क्रीन कोणतं आणू?

औषधांचा_माणूस | मंगळवार, सकाळी ९.१८

मीनलताई, हे सेम नाही. कृपया आत्ता निघा. उन्हामुळे होणारा त्रास उघड्या भागांवर होतो. सदऱ्याखाली चट्टे, ओठांची आग, लाल डोळे आणि ताप हे सगळं सल्फा चालू असताना दिसलं तर ती औषधाची गंभीर प्रतिक्रिया असू शकते. पुढची गोळी देऊ नका, गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या आणि आजच, आत्ताच रुग्णालयात दाखवा. सनस्क्रीनचा विचार नको.

निशिगंधा_त्वचा | मंगळवार, सकाळी ९.२६

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. वरच्या प्रत्येक शब्दाला दुजोरा. मीनल, वाट बघू नका. कातडीला हात लावला तर दुखतंय का, फोड येताहेत का, तोंडात आतून सोललंय का, हे तिथल्या डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

मीनल_र | मंगळवार, सकाळी ९.३१

निघतोय.

निशिगंधा_त्वचा | मंगळवार, दुपारी २.४५

सायली, तुमच्या हाताबद्दल. बघितल्याशिवाय खात्रीने बोलता येत नाही, पण वर्णन फोटोटॉक्सिक प्रतिक्रियेचं आहे. मी अशा वेळी काय बघते ते सांगते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही ओळखता येईल. मी आधी भाजलेला भाग बघत नाही, वाचलेला भाग बघते. हनुवटीच्या खाली, कानामागे, वरच्या पापणीवर, नाकाची सावली पडते तिथे, बोटांच्या बेचक्यांत कातडी चांगली आहे का? घड्याळाखाली चांगली आहे का? सावलीची जागा सुटलेली दिसली की कारण प्रकाशाशी जोडलेलं आहे हे समजतं. तुम्ही स्टिअरिंग धरलं होतं, तेव्हा बोटांच्या आतल्या बाजू आणि तळवाही सुटला असेल.

दुसरी गोष्ट, सावळ्या किंवा गडद कातडीवर लाली नीट दिसत नाही. ती जांभळट, करडी किंवा नुसती जास्त काळी दिसते. त्यामुळे लोक 'थोडं टॅन झालं' म्हणून दुर्लक्ष करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात जातात. रंगापेक्षा स्पर्शावर विश्वास ठेवा. कातडी गरम, ताठ आणि हुळहुळी असेल तर ती भाजलेली आहे.

आणि हो, ही नेहमीच्या अर्थाने ॲलर्जी नाही. ॲलर्जीत शरीराची रोगप्रतिकारशक्ती औषधाला ओळखून हल्ला करते, त्यासाठी आधी ओळख व्हावी लागते. उन्हाच्या ॲलर्जीतही तसंच, पुरळ एक ते तीन दिवसांनी उठतं, खाज खूप असते आणि ते झाकलेल्या भागावरही पसरू शकतं. इथे तसं काही लागत नाही. पुरेसं औषध आणि पुरेसं यूव्हीए एकत्र आलं की कुणाचीही कातडी भाजू शकते, पहिल्याच वेळीसुद्धा, आणि काही तासांतच.

सायली_क | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

तळवा खरंच कोरा आहे. बोटं वाकवून स्टिअरिंग धरलं होतं तेवढी आतली बाजूही. ताई, हे वाचून मी आत्ता बोटं उघडून बघितली.

दवाखान्यात फोन केला. डॉक्टरांनी आज संध्याकाळपासून गोळी थांबवायला सांगितली, मुरमांसाठी काही दिवस नुसतं लावायचं औषध चालू ठेवायचं. हातावर गार पट्ट्या आणि बिनवासाचं मॉइश्चरायझर. मनगटाजवळ दोन बारीक फोड आलेत ते फोडायचे नाहीत. पाच दिवस तरी, औषध बंद असलं तरी, उन्हाची काळजी तशीच घ्यायची.

मला एक समजत नाहीये. त्या दिवशी मी चेहऱ्याला एसपीएफ ५० लावलं होतं. हाताला नव्हतं, ते कबूल. मग गालही का दुखावा?

औषधांचा_माणूस | मंगळवार, रात्री ८.३०

एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीपासूनचं संरक्षण सांगतो. यूव्हीएचं संरक्षण बघायला बाटलीवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलंय का आणि 'पीए'च्या पुढे किती अधिक चिन्हं आहेत ते बघायचं. जितकी जास्त तितकं चांगलं, तीन किंवा चार असलेलं घ्या. घटकांत झिंक ऑक्साइड असेल तर ते यूव्हीएच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात काम करतं. दोन बाटल्यांवर एसपीएफ ५० च लिहिलेलं असलं तरी डॉक्सीच्या बाबतीत एक उपयोगी आणि दुसरी जवळजवळ निकामी असू शकते.

शिवाय प्रमाण. बाटलीवरचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून मोजलेला असतो. आपण बहुतेक जण त्याच्या निम्मंसुद्धा लावत नाही. चेहरा आणि मान मिळून चहाचा एक चमचा भरेल एवढं लागतं, आणि एका हाताला खांद्यापासून बोटांपर्यंत आणखी एक चमचा. एकदा मोजून बघा, किती जास्त वाटतं ते. निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावायचं आणि दोन तासांनी पुन्हा. तुम्ही चार तास चालवलीत, म्हणजे मध्ये एकदा थांबून लावायला हवं होतं.

निशिगंधा_त्वचा | मंगळवार, रात्री ९.०५

यात माझा क्रम थोडा वेगळा आहे. डॉक्सी चालू असलेल्या माणसाला मी सनस्क्रीन शेवटी सांगते, आधी कापड. दाट विणीची पूर्ण बाही, मागेही झालर असलेली रुंद टोपी, गाडी चालवताना पातळ हातमोजे. कापड उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड स्पष्ट दिसत असेल तर तेवढंच ऊन आत येणार. पातळ पांढरा सुती सदरा फार अडवत नाही आणि तो ओला झाला तर आणखी कमी. गडद रंगाचा, दाट विणीचा कोरडा कपडा सगळ्यांत भरवशाचा, कारण तो दोन तासांनी पुन्हा लावावा लागत नाही.

पायवाट | बुधवार, सकाळी ११.००

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी मलेरिया असलेल्या भागात कामासाठी जाणार आहे, बहुतेक वेळ उघड्यावर. प्रतिबंध म्हणून डॉक्सी रोज १०० मिलिग्रॅम दिली आहे. निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची आणि परतल्यावर ४ आठवडे चालू ठेवायची. हे सगळं वाचून मला वाटतंय की ती घेऊच नये. डास चावू नयेत म्हणून मलम लावलं की पुरे ना?

औषधांचा_माणूस | बुधवार, दुपारी १२.१०

पुरे नाही. मलेरिया जिवावर बेतू शकतो, उन्हाने भाजणं सहसा नाही. घेऊच नये हा निर्णय स्वतः करू नका. उघड्यावरचं काम आहे हे डॉक्टरांना सांगा आणि दुसरा पर्याय आहे का विचारा. ॲटोव्हाक्वोन आणि प्रोग्वानिल यांची एकत्र गोळी काही लोकांना चालते, पण ती तुम्हाला चालेल का हे त्यांनीच ठरवायचं.

डॉक्सीच घ्यायची ठरली तर दोन गोष्टी. एक, परतल्यावरचे चार आठवडे. काम संपलं, घरी आलो, म्हणून टोपी कपाटात जाते, पण गोळी चालूच असते. दोन, सनस्क्रीन आणि डासांचं मलम दोन्ही लावायचं असेल तर आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वर मलम.

शुभदाकाकू | बुधवार, दुपारी १.३०

मी घामोळं म्हणाले ते चुकलंच माझं. पण मग मला एक सांगा, मी गुडघ्याला दुखण्याचं जेल चोळते, त्यानेही असं होतं का? मागे गुडघ्यावर चट्टा उठला होता, नेमका जेल लावलं होतं तेवढ्यावर.

निशिगंधा_त्वचा | बुधवार, दुपारी ३.१०

काकू, ट्यूबवर केटोप्रोफेन लिहिलंय का बघा. त्या जेलवर ऊन पडलं तर खरी प्रकाश-ॲलर्जी होऊ शकते, आणि ती काही वेळा जेल बंद केल्यावरही बरेच दिवस उन्हात परत उठते. केटोप्रोफेन असेल तर ते वापरणं थांबवून डॉक्टरांना विचारा. औषध दुसरं, यंत्रणाही दुसरी, सायलीच्या हातासारखं नाही. इतर औषधांचं विचाराल तर सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातली प्रतिजैविकं, रक्तदाबाची हायड्रोक्लोरोथायाझाइड, हृदयाची ॲमिओडारोन, बुरशीवरची व्होरिकोनॅझोल, ही नावं मी तरी प्रत्येक वेळी विचारते.

मीनल_र | गुरुवार, रात्री ८.५०

ह्यांना दाखल केलंय. सल्फा त्याच क्षणी बंद केली. तोंडात आतून सोलायला लागलं होतं, पण वेळेत आणलं असं डॉक्टर म्हणाले. आता चट्टे वाढायचे थांबलेत. इथे विचारलं नसतं तर मी सनस्क्रीन आणायला गेले असते. तुम्हा दोघांचे आभार कसे मानू.

सायली_क | तीन आठवड्यांनंतर, शुक्रवार, रात्री ९.१५

धागा परत वर आणतेय. हाताची सालं आठवड्यात निघाली, सूज गेली. जिथे सालं निघाली तिथे कातडी गडद झालीय, बाहीची रेघ अजून दिसते. पण नवीनच झालंय. चार दिवसांपूर्वी त्याच हाताच्या तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका यांची नखं ठणकायला लागली. आता तिन्ही नखांचा पुढचा भाग पांढरट-पिवळा दिसतोय, अर्धचंद्रासारखा, आणि खालच्या मांसापासून सुटलाय. अंगठा ठीक आहे. बुरशी असेल का? गोळी बंद करून तीन आठवडे झालेत, तेव्हा तिचा संबंध नसणार असं वाटतंय. शनिवारी घरात लग्नकार्य आहे म्हणून नखांवर जेल पॉलिश लावून झाकायचा विचार होता.

निशिगंधा_त्वचा | शुक्रवार, रात्री ९.४०

जेल पॉलिश नको! ते वाळवायला ज्या दिव्याखाली हात धरतात तो यूव्हीएचाच दिवा असतो. औषध तुमच्या अंगातून गेलंय हे खरं, पण इजा झालेल्या नखावर तो प्रकाश आणि ती रसायनं, दोन्ही नकोत.

संबंध आहे. याला फोटोऑनिकोलिसिस म्हणतात आणि डॉक्सीसायक्लीन हे त्याचं एक ओळखीचं कारण आहे. नखाखालच्या मांसाला बाकीच्या कातडीसारखं जाड संरक्षण नसतं, आणि नख पारदर्शक असल्याने प्रकाश थेट खाली पोचतो. इजा उन्हाच्या दिवशीच होते, नख सुटायला मात्र आठवडे लागतात. अंगठा बहुतेक वेळा वाचतो, कारण मूठ वळली की तो उन्हाकडे तोंड करून नसतो. बुरशी तीन नखांत एका आठवड्यात, एवढी दुखत येत नाही. तरी एकदा दाखवून घ्या.

नखं आखूड कापा. सुटलेल्या नखाखाली टोकदार काही घालून साफ करू नका, तसं केलं की फट आणखी वर सरकते. भांडी घासताना रबरी हातमोजे, त्याच्या आत सुती. कडेला हिरवट रंग दिसला किंवा पू आला तर लगेच या. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवीन यायला चार ते सहा महिने धरा. तोवर साधं, अपारदर्शक नेलपॉलिश लावलं तर चालेल, उलट त्याने प्रकाशही अडतो.

सायली_क | शुक्रवार, रात्री १०.०२

बरं झालं विचारलं. साधंच लावते. आणखी एक. दवाखान्याच्या फाइलवर 'डॉक्सीसायक्लीनची ॲलर्जी' असं लिहून ठेवलंय. ते खोडायला सांगू का?

औषधांचा_माणूस | शुक्रवार, रात्री १०.३०

माझ्या मते बदलून घ्या. 'दिवसाला २०० मिलिग्रॅम, फोटोटॉक्सिक प्रतिक्रिया, नखांसह' असं सविस्तर लिहायला सांगा. उद्या तुम्हाला स्क्रब टायफससारखा आजार झाला तर डॉक्सी हे पहिल्या पसंतीचं औषध असतं, आणि फाइलवरच्या 'ॲलर्जी' या एका शब्दामुळे ते नाकारलं जाईल. तशा आजारात घरात किंवा रुग्णालयात, उन्हापासून दूर राहून ते देता येतं.

निशिगंधा_त्वचा | शुक्रवार, रात्री १०.४८

फाइलबद्दल सहमत. पण मुरमांसाठी पुन्हा द्यावी का, यावर मी सावध आहे. काही सहकारी १०० वर आणि हातमोज्यांच्या अटीवर देतात. मी नखांपर्यंत गेलेल्या माणसाला सहसा देत नाही, कारण मुरमांना दुसरे पर्याय आहेत. मिनोसायक्लीन त्याच कुळातली असून उन्हाचा त्रास तिच्यात बराच कमी, पण तिची स्वतःची दुखणी आहेत. लांब घेतली तर कातडीवर निळसर-करडे डाग पडू शकतात.

औषधांचा_माणूस | शुक्रवार, रात्री ११.०५

मी १०० वर देण्याच्या बाजूचा आहे, कारण ताईंना तीन आठवडे १०० वर काही झालं नव्हतं. पण त्या तीन आठवड्यांत त्या उन्हात किती गेल्या होत्या हे आपल्याला माहीत नाही.

सायली_क | शुक्रवार, रात्री ११.१२

जवळजवळ नाहीच. घरून काम होतं, टेबल आतल्या खोलीत. म्हणजे १०० मला झेपते असं त्यावरून म्हणता येत नाही. मी अजून ठरवलेलं नाही.

पायवाट | रविवार, दुपारी १२.४०

कामावरून लिहितोय. डॉक्टरांशी बोललो. दुसऱ्या एका औषधामुळे तो पर्याय मला चालत नव्हता, म्हणून डॉक्सीच चालू आहे, आज नववा दिवस. टोपी, पूर्ण बाही, हातमोजे सगळं होतं. आज सकाळी दीड तास वाकून मोजमाप करत होतो, टोपीला मागे झालर नाही. मघाशी मानेवर सदऱ्याची कॉलर घासली तेव्हा मुंगी चावल्यासारखं चुरचुरलं. लाल काही दिसत नाही, मी सोबत्याला बघायला सांगितलं. पण हात लावला तर त्या पट्ट्यात कातडी गरम आहे, बाजूला नाही. काम सोडून तंबूत आलोय, ओलं फडकं ठेवलंय. दुपारनंतर मानेला उपरणं बांधून मगच बाहेर पडणार, आणि संध्याकाळी डॉक्टरांना फोन करतो.

निशिगंधा_त्वचा | रविवार, दुपारी १.१५

आज दुपारनंतरही बाहेर नको. आता भाजणं थांबलं असं वाटलं तरी सकाळच्या उन्हाचा परिणाम उद्यापर्यंत वाढत जातो. उद्या सकाळी मान कशी आहे ते बघून ठरवा, आणि उपरणं उजेडासमोर धरून बघा.

पायवाट | रविवार, दुपारी १.३२

धरलं. आरपार दिसतंय. चौपदरी घडी घातल्यावर दिसत नाही. आज आतच थांबतो.